फोटोवरून बिजागरी ओळखायची कशी?

पूर्वी दाराची बिजागरी मोडली, की ती काढून खिशात टाकायची, बाजारच्या दिवशी दुकानदारापुढे ठेवायची आणि म्हणायचं, "अशीच द्या." तीन इंची की चार इंची, एवढाच प्रश्न. आता घरोघरी मॉड्युलर किचन आलं. ओट्याखालच्या कपाटांची बिजागरी बाहेरून दिसतच नाही, ती आत लपलेली असते. खण म्हणजे ड्रॉवर लाकडाच्या खाचेवर सरकत नाही, तो लोखंडी चॅनेलवर धावतो. हा माल चिखलीच्या बाजारात मिळतो. पण जोडीला जोड मिळेलच असं नाही. मग जालन्याच्या, अकोल्याच्या नाही तर संभाजीनगरच्या दुकानदाराला मोबाईलवर फोटो जातो आणि खाली लिहिलेलं असतं, "हे आहे का?"

दुकानदार म्हणतो, आहे. माल एसटीनं किंवा कुरियरनं येतो. दिसायला अगदी तसाच. आणि बसवायला घेतला की भोकं जुळत नाहीत, किंवा दार शेजारच्या दारावर आदळतं. दोष दुकानदाराचा नाही आणि फोटोचाही नाही, बरं का. फोटो आकार सांगतो, माप सांगत नाही. ते माप आपण फोटोत घालून द्यायचं असतं. ते कसं, हाच आजचा विषय.

समजा, चिखलीतल्या एका घरी धुण्याच्या भांड्यांच्या टाकीखालचं, म्हणजे सिंकखालचं दार लोंबकळायला लागलं. तिथं ओल असते, म्हणून बिजागरी पहिल्यांदा गंजते ती तिथलीच. किचन करून आठ वर्षं झाली, करणारा मिस्त्री कुठं गेला ठाऊक नाही. घरच्यांनी दार उघडून आत मोबाईल धरला आणि फोटो काढला. त्या फोटोत काय दिसतं? दाराच्या आतल्या अंगाला एक गोल लोखंडी वाटी, तिच्या दोन बाजूंना एकेक स्क्रू, वाटीतून निघालेली दांडी, आणि ती दांडी कपाटाच्या फळीवर एका पट्टीला अडकवलेली. वाटी, दांडी आणि पट्टी, या तीन गोष्टी ध्यानात ठेवा. आपल्या देशातल्या बहुतेक लपत्या बिजागऱ्या अशाच असतात. म्हणूनच नुसत्या फोटोवरून त्या सगळ्या एकाच आईची लेकरं वाटतात.

पहिली ओळख वाटीची. दाराला पाडलेलं गोल भोक बहुतेक ३५ मिलिमीटरचं असतं. लहान, हलक्या दारांना २६ मिलिमीटरचंही असतं. वाटी जागेवर असताना तिचा कानाठा भोकावर बसलेला असतो, त्यामुळे खरं भोक झाकलेलं राहतं. तेव्हा दाराला खालून कुणाचा तरी हात लावून घ्या आणि बिघडलेली एकच बिजागरी सोडवा. दुसरी तशीच राहू द्या. मग त्या उघड्या भोकाशेजारी, दाराच्या फळीला चिकटवून, दहा रुपयांचं नाणं धरा. हे नाणं २७ मिलिमीटर रुंद असतं. नक्षी बदलली तरी रुंदी तीच. भोक नाण्यापेक्षा किंचित लहान दिसलं तर ते २६ चं, आणि चांगलंच मोठं दिसलं तर ३५ चं. इथं हिशोबाचीही गरज नाही.

खरा घोटाळा होतो तो वाटीच्या दोन बाजूंच्या स्क्रूंपाशी. एका स्क्रूच्या मध्यापासून दुसऱ्याच्या मध्यापर्यंतचं अंतर सगळीकडे सारखं नसतं. ऑस्ट्रियाच्या ब्लम कंपनीच्या बिजागऱ्यांत ते साधारणपणे ४५ मिलिमीटर असतं, जर्मनीच्या हेटिच कंपनीच्या पुष्कळ बिजागऱ्यांत ५२, आणि बाजारातल्या बऱ्याच इतर मालात ४८. तीन-चार मिलिमीटरचा फरक म्हणजे काय मोठंसं, असं वाटेल. पण अंतर दोन्ही बाजूंना वाटलं गेलं, की नवं भोक जुन्यापासून दीड-दोन मिलिमीटरवर येतं. म्हणजे नवा स्क्रू अर्धा जुन्या भोकात आणि अर्धा लाकडात. तो आवळताना जुन्या भोकाकडेच घसरतो. प्लायवूड असेल तर थोडा तरी धरतो. भुशाची दाबलेली फळी, म्हणजे पार्टिकल बोर्ड असेल, तर दोन महिन्यांत भोक भुसभुशीत होतं आणि दार पुन्हा लोंबतं.

आता आपल्या चिखलीच्या घरातला फोटो घेऊ. नाणं भोकाशेजारी धरलं, मोबाईल दोन-अडीच हात मागं नेला, दारासमोर अगदी सरळ धरला आणि फोटो काढला. फार जवळून काढला तर कडेच्या वस्तू फुगतात, तिरका काढला तर गोल वाटी अंड्यासारखी दिसते. फोटोतलं नाणं बरोबर गोल दिसतं का, हे आधी पाहावं. ते लांबट दिसलं तर फोटो परत काढावा, पुढचा हिशोब त्यावर करूच नये. मग मोबाईल आडवा धरून फोटो मोठा केला आणि शाळेतली साधी पट्टी पडद्यावर ठेवली. पडद्यावर नाणं भरलं २४ मिलिमीटर, भोक ३१, आणि दोन स्क्रूंच्या मध्यातलं अंतर ४३. सातवीतला मुलगाही हे त्रैराशिक सोडवील. पडद्यावरचे २४ म्हणजे खरे २७, तर ३१ म्हणजे किती? सत्तावीसनं गुणा, चोवीसनं भागा, ३४.९ आलं, म्हणजे भोक ३५ चं. तसंच ४३ चे झाले ४८.४, म्हणजे ४८ ची बिजागरी. ती ४५ ची असती तर पडद्यावर ४० भरले असते, ५२ ची असती तर ४६. तीन मिलिमीटरची चूक पट्टीवर सहज कळते.

कुणी म्हणेल, मग सरळ दारावरच पट्टी का लावू नये? लावावी, जरूर लावावी. पण पुष्कळदा दार चिखलीत असतं, विकत घेणारा मुलगा पुण्यात, आणि मोजणाऱ्याचा आकडा एक तर ऐकणाऱ्याचा दुसराच. नाणं घातलेला फोटो असला की तो ज्याच्या हाती पडेल त्याला पुन्हा मोजता येतो.

दुसरी ओळख दांडीची. दुकानदार विचारतो, "शून्य क्रँक, आठ की सोळा?" ही दांडीच्या बाकाची नावं आहेत, कोणी सोळाऐवजी पंधरा किंवा सतराही म्हणतं. याचं उत्तर दांडीकडे पाहून देण्यापेक्षा दार बंद करून देणं सोपं. दार कपाटाच्या कडेच्या फळीची जवळजवळ सगळी जाडी झाकत असेल, तर दांडी सरळ, म्हणजे शून्य. मधली एकच फळी दोन दारांत वाटलेली असेल, प्रत्येक दार निम्मी जाडी झाकत असेल, तर दांडीला थोडा बाक, म्हणजे आठ. आणि दार चौकटीच्या आत बसून फळीची कड उघडी राहत असेल, तर बाक सर्वांत मोठा, म्हणजे सोळा.

कारखान्यातून खोकी तयार होऊन आलेल्या किचनमध्ये प्रत्येक खोक्याला आपापल्या फळ्या असतात, म्हणून तिथं बहुतेक शून्यच. पण आपल्याकडे सुतार घरी येऊन जागेवरच किचन करतो, तेव्हा दोन कपाटांत मधली फळी एकच ठेवतो. म्हणून एकाच घरात शून्य आणि आठ दोन्ही सापडतात. आपल्या उदाहरणातलं सिंकखालचं दार तसंच होतं: बिजागरी मधल्या फळीवर, आणि शेजारचं दारही तिच्यावरच. तिथं शून्य बसवली असती तर दार पूर्ण फळी झाकायला गेलं असतं आणि शेजारच्या दारावर आपटलं असतं. उलट, शून्याच्या जागी आठ बसवली तर कडेला फळीची पांढरी पट्टी उघडी पडते आणि दाराची दुसरी बाजू तेवढीच पुढं सरकते. दांडीवरचा स्क्रू फिरवून दार डावीउजवीकडे हलवता येतं खरं, पण ते दोन-तीन मिलिमीटर. आठाचा फरक त्यानं भरून निघत नाही. तेव्हा दुसरा फोटो हा बंद दाराचा, थोडं किलकिलं करून फळीची कड दिसेल असा पाठवावा.

कंपनीचं नाव दांडीवर किंवा वाटीत कोरलेलं असतं, ते जवळून टिपून ठेवावं. पण नुसत्या नावावर माल मागवू नये. एकच कंपनी तिन्ही बाकांच्या बिजागऱ्या विकते. पट्टीचं म्हणाल, तर ती बिजागरीबरोबर जोडीनंच घ्यावी. काही दांड्या पट्टीवर टचकन बसतात, काही सरकवून स्क्रूनं आवळायच्या असतात. एकाची पट्टी दुसऱ्याला चालत नाही. दार हळू मिटणारं असेल, तर दांडीवर किंवा वाटीत बारीकशी नळकांडी दिसते. तीही फोटोत आली पाहिजे.

आता ड्रॉवरच्या चॅनेलकडे वळू. इथं फोटोवरून जात ओळखावी, लांबी मात्र कधीही ओळखू नये. लांब वस्तू फोटोत दूर जाताना आखूड होत जाते, आणि नाण्याचा हिशोब तिथं फसतो. ड्रॉवरच्या तळाच्या कडेला पांढरी किंवा बदामी रंगवलेली पट्टी आणि तिला प्लॅस्टिकचं चाक दिसलं, तर ते रोलर चॅनेल. त्याचे डावे आणि उजवे तुकडे वेगळे असतात. ड्रॉवरच्या बाजूला एकात एक सरकणाऱ्या चकचकीत पट्ट्या आणि त्यांत छर्‍यांची रांग दिसली, तर ते टेलिस्कोपिक. त्याची डावी-उजवी सारखीच. म्हणूनच हा ड्रॉवर काढताना आतली काळी जीभ एका बाजूला वर आणि दुसऱ्या बाजूला खाली दाबावी लागते.

लांबी टेपनं मोजावी, चॅनेल पूर्ण मिटलेलं असताना. दुकानात ती दोन-दोन इंचांच्या टप्प्यानं मिळतात: चौदा, सोळा, अठरा, वीस. अठरा इंची म्हणून मिळतं ते बहुधा ४५० मिलिमीटरचं असतं, म्हणजे हिशोबाच्या अठरा इंचांहून जरा आखूड. त्यानं घाबरू नये. पट्टीची उंचीही मोजावी. नेहमीची ४५ मिलिमीटर असते, हलक्यांत ३५ च्या आसपास. मग कपाटाची आतली रुंदी घ्या आणि तीतून ड्रॉवरची बाहेरची रुंदी वजा करा. उरलेली जागा सुमारे एक इंच, म्हणजे दर बाजूला अर्धा इंच असेल, तर साधं रोलर किंवा टेलिस्कोपिक चॅनेल बसेल. हे तिन्ही आकडे एका कागदावर ठळक लिहून तो कागद चॅनेलशेजारी ठेवावा आणि मग फोटो काढावा.

चॅनेल ड्रॉवरच्या पोटाखाली लपलेलं असेल, किंवा ड्रॉवरच्या बाजूच लोखंडी असतील, तर दुसरा माल जुळवायच्या भानगडीत पडू नये. त्या ड्रॉवरचा तळ आणि पाठ त्या एका चॅनेलच्या मापानं कापलेली असते. तिथं कोरलेलं नाव आणि आकडे वाचून तोच माल मागवायचा.

एक गोष्ट कुठल्याच फोटोत येत नाही, ती म्हणजे पत्र्याची जाडी. दोन चॅनेलं फोटोत जुळी भावंडं दिसतात, पण एक तांदळाच्या डब्यांचा भार पेलतं आणि दुसरं महिन्याभरात वाकतं. तेव्हा दुकानदाराला जोडीवर किती किलो भार चालतो तो आकडा विचारावा, आणि जुनी जोडी घरच्या काट्यावर ठेवून तिचं वजन त्याला कळवावं. त्याच लांबीची नवी जोडी वजनानं बरीच हलकी निघाली, तर ती धान्याच्या ड्रॉवरला घेऊ नये. चमच्यांच्या ड्रॉवरला चालेल.