पगार थांबला तर किती महिने?

2019च्या जानेवारीत एक बातमी आली आणि ओझरच्या घराघरांत तिची चर्चा झाली. हिंदुस्थान एरोनॉटिक्सला, म्हणजे आपल्या ‘एचएएल’ला, कर्मचाऱ्यांचे पगार भागवण्यासाठी बँकेकडून उचल घ्यावी लागली होती. कंपनीचे तेव्हाचे अध्यक्ष आर. माधवन यांनी सांगितलं, की हातातली रोकड उणे झाली आहे आणि सुमारे हजार कोटी रुपयांचा ओव्हरड्राफ्ट घ्यावा लागला आहे. कंपनी तोट्यात नव्हती आणि कामही होतं. पण हवाई दलाकडून येणं असलेल्या मोठ्या रकमा अडकल्या होत्या आणि पगाराची तारीख मात्र कोणासाठी थांबत नाही.

1964 साली मिग विमानांसाठी ओझरला हा कारखाना उभा राहिला. पुढे सुखोई आलं आणि ऑक्टोबर 2025मध्ये तेजसची नवी उत्पादनसाखळीही इथे सुरू झाली. एवढ्या मोठ्या, सरकारी मालकीच्या कंपनीचीही रोकड संपू शकते, हा त्या बातमीतला धडा पगारदार कुटुंबासाठी फार मोलाचा आहे. फ्लॅट, भविष्यनिर्वाह निधी, विम्याच्या पॉलिसी, बायकोच्या अंगावरचं सोनं अशी आपलीही मालमत्ता कागदावर भरभक्कम असते. तरीही उद्या सकाळी रुग्णालयाच्या काउंटरवर पन्नास हजार भरायची वेळ आली, की धावपळ सुरू होते. मालमत्ता आणि हाताशी असलेला पैसा यांतलं हे अंतर भरून काढतो तो आणीबाणीचा निधी. अचानक उत्पन्न थांबलं किंवा अचानक खर्च उभा राहिला, तर कर्ज न काढता आणि काही न विकता एक-दोन दिवसांत हातात येईल, अशी बाजूला ठेवलेली रक्कम म्हणजे हा निधी.

2019च्याच ऑक्टोबरमध्ये वेतनकराराच्या प्रश्नावर एचएएलच्या देशभरातल्या कामगारांनी 14 तारखेपासून बेमुदत संप पुकारला. नाशिक विभागही त्यात होता. कर्नाटक उच्च न्यायालयाच्या अंतरिम आदेशानंतर ऐन दिवाळीच्या तोंडावर तो थांबला. त्या वर्षी लक्ष्मीपूजन 27 ऑक्टोबरला होतं. अशा संपात दहा दिवसांचा पगार बुडाला, तर महिन्याचा तिसरा हिस्सा जातो आणि तोही सणाच्या महिन्यात. कायम नोकरी असलेल्या माणसाला निधीची गरज नसते, हा समज इथेच गळून पडतो. त्याची नोकरी सहसा जात नाही, पण पगार अडू शकतो, लांबू शकतो, कापला जाऊ शकतो.

हिशेब कसा मांडायचा

‘सहा महिन्यांचा पगार बाजूला ठेवा’ हा सल्ला सर्रास दिला जातो. तो सोपा आहे, पण निधी किती काळ टिकेल हे पगारावर ठरत नाही. अडचणीच्या काळात टाळता न येणारा खर्च किती आणि त्या काळातही घरात येणारं उत्पन्न किती, यांच्यातल्या तुटीवर ते ठरतं.

एक नमुना कुटुंब घेऊ. नवरा ओझरजवळ विमानाचे सुटे भाग करणाऱ्या एका छोट्या खासगी कारखान्यात काम करतो आणि त्याच्या हातात महिन्याला 46,000 रुपये येतात. घरात बायको, दोन मुलं आणि आई. घरकर्जाचा हप्ता 14,500, किराणा-दूध-भाजी-गॅस 11,000, शाळेची फी आणि रिक्षा 4,500, वीज आणि मोबाइल 2,000, पेट्रोल 2,500, आईची औषधं 2,500. विम्याचे वर्षाचे हप्ते 18,000 आहेत, म्हणजे महिन्याला 1,500. ही सगळी बेरीज 38,500 होते. उरलेल्या 7,500 मध्ये 3,500 ची आवर्ती ठेव आणि कपडे, सणवार, हॉटेल. अडचणीत ही दोन्ही थांबवता येतात, पण वरचे 38,500 थांबत नाहीत.

या कुटुंबाजवळ दोन लाखांचा निधी आहे असं धरू. नोकरी पूर्ण गेली, तर दोन लाख सव्वापाच महिन्यांच्या आसपास पुरतील. 2020च्या टाळेबंदीत अनेक ठिकाणी झालं तसा पगार निम्म्यावर आला, तर 23,000 येत राहतील, महिन्याची तूट 15,500 राहील आणि तेच दोन लाख जवळपास तेरा महिने चालतील. नोकरी गेली पण बायकोला एखाद्या खासगी बालवाडीत 12,000 ची नोकरी मिळाली, तर तूट 26,500 वर येईल आणि निधी साडेसात महिने टिकेल. ओझरसारख्या ठिकाणी एका चालू कमाईचं मोल असं मोजायला हवं. बारा हजारांचा लहानसा पगार निधीचं आयुष्य दोन महिन्यांहून अधिक वाढवतो.

पण नवरा-बायको दोघेही एकाच कारखान्यावर, किंवा एकाच कंपनीकडून काम मिळणाऱ्या दोन कारखान्यांवर अवलंबून असतील, तर ती दोन उत्पन्नं नव्हेत. एका मोठ्या कंपनीभोवती वसलेल्या गावात सुटे भाग करणारे, कंत्राटी कामगार, टेम्पोवाले, किराणा दुकानदार या सगळ्यांचं काम एकदमच कमी होतं. त्यामुळे हातउसने द्यायला शेजारी नसतो, कारण त्याचीही तीच गत झालेली असते.

संकटं एकेकटी येत नाहीत

निधीची खरी मर्यादा दोन अडचणी एकत्र आल्या की कळते. वरच्याच कुटुंबात आईला शस्त्रक्रियेसाठी दाखल करावं लागलं असं समजा. आरोग्य विमा आहे, पण कॅशलेस मंजुरी येईपर्यंत रुग्णालय अनामत मागतं. पॉलिसीत खोलीभाड्याची मर्यादा असेल आणि त्याहून महाग खोली घेतली, तर अनेक पॉलिसींमध्ये फक्त भाड्यातला फरक नव्हे, तर बिलातल्या इतर बाबीही त्याच प्रमाणात कापल्या जातात. हातमोज्यांसारख्या काही वस्तू आणि घरी आल्यावरची फिजिओथेरपी बहुतेक वेळा खिशातूनच होते. असे 80,000 गेले, तर दोन लाखांतले 1,20,000 उरतील. त्यानंतर दोन महिन्यांत नोकरी गेली, तर सव्वापाच महिन्यांचं संरक्षण तीन महिन्यांवर येईल.

म्हणून निधी आणि विमा यांची कामं वेगळी ठेवावीत. कमावत्या माणसाचा मृत्यू, कर्करोगासारखा दीर्घ आजार, कायमचं अपंगत्व हे निधीच्या आवाक्याबाहेरचं आहे. तिथे मुदतीचा विमा आणि आरोग्य विमाच लागतो. निधी मात्र मंजुरी येईपर्यंतचे, पैसे परत मिळेपर्यंतचे आणि नवी नोकरी लागेपर्यंतचे दिवस सांभाळतो. विम्याचा हप्ता निधीतूनच भरायची तरतूद हवी, कारण नोकरी गेल्यावर कंपनीचा गट विमाही सहसा जातो आणि पहिली काटकसर लोक नेमकी याच हप्त्यावर करतात.

निधी नसला की काय होतं, हेही आकड्यांत पाहू. मार्च 2020 मध्ये रिझर्व्ह बँकेने कर्जाचे हप्ते तीन महिने पुढे ढकलण्याची मुभा दिली आणि नंतर ती ऑगस्टअखेरपर्यंत वाढवली. हप्ता थांबला, व्याज थांबलं नाही. बारा लाखांचं घरकर्ज 9 टक्क्यांनी शिल्लक असेल, तर महिन्याला 9,000 व्याज होतं. सहा महिन्यांत सुमारे 54,000 रुपयांची कर्जात भर पडली. त्याच काळात भविष्यनिर्वाह निधीतूनही पैसे काढायची खास सोय होती. पण आजच्या 8.25 टक्के दराने, तो दर टिकला तर, आज काढलेले 50,000 वीस वर्षांनी सुमारे 2,44,000 झाले असते. क्रेडिट कार्डाची थकबाकी तर महिन्याला तीन-साडेतीन टक्क्यांनी वाढते. निधीवर मिळणारं व्याज कमी असतं हे खरं, पण तो या महागड्या पैशापासून वाचवतो, ही त्याची खरी कमाई आहे.

पैसे कुठे ठेवायचे

23 सप्टेंबर 2019 रोजी रिझर्व्ह बँकेने पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह बँकेवर निर्बंध घातले आणि सुरुवातीला खातेदाराला फक्त 1,000 रुपये काढता येत होते. ही मर्यादा टप्प्याटप्प्याने वाढत गेली, पण ज्यांचा सगळा निधी त्याच बँकेत होता, त्यांच्यासाठी तो गरजेच्या वेळी नसल्यासारखाच होता. फेब्रुवारी 2020 पासून बँकठेवींना पाच लाखांपर्यंत विमा आहे आणि सहकारी बँकांनाही तो लागू आहे. पतसंस्थांना मात्र हे संरक्षण नाही. कर्मचाऱ्यांच्या पतसंस्था अडीनडीला तातडीचं कर्ज देतात, त्यांचा आधार मोठा आहे. तरी आणीबाणीचा सगळा निधी तिथे किंवा भिशीत ठेवू नये. भिशीत तर आपली पाळी कधी येईल हे आपल्या हातात नसतं.

एक महिन्याचा खर्च बचत खात्यात ठेवावा. हे खातं पगार आणि हप्ता ज्या बँकेत आहे तिच्याहून वेगळ्या बँकेत असावं, म्हणजे नोकरी गेल्यावर पहिला हप्ता आपोआप कापला जाऊन किराण्याचे पैसे संपणार नाहीत. बाकीची रक्कम मुदत ठेवीत, पण एकाच पावतीत नाही. दीड लाखाची एक ठेव करण्याऐवजी पन्नास हजारांच्या तीन कराव्यात. गरज पडली तर एकच मोडावी लागते आणि मुदतीआधी मोडल्याचा व्याजातला तोटा तेवढ्यावरच पडतो.

याहून महत्त्वाची, आणि सर्रास राहून जाणारी गोष्ट म्हणजे खात्याचं नाव. नवरा अतिदक्षता विभागात असताना त्याच्या एकट्याच्या नावावरचे दोन लाख बायकोला काढता येत नाहीत. नामांकन मृत्यूनंतर उपयोगी पडतं, आजारपणात नाही. म्हणून खातं आणि ठेवी दोघांच्या नावावर, दोघांपैकी कोणालाही व्यवहार करता येईल अशा सूचनेसह हव्यात. मुदतीआधी ठेव मोडायला दोघांच्या सह्या लागतील का, हेही पावती करतानाच बँकेत विचारून लिहून घ्यावं.

कोणाला किती

कायम सरकारी नोकरी आणि कंपनीची वैद्यकीय सोय असेल, तर तीन महिन्यांचा आवश्यक खर्च पुरेसा आहे. छोट्या खासगी कारखान्यात असाल, घरकर्ज असेल आणि कमावणारा एकच असेल, तर सहा महिने हवेत. कंत्राटी कामगाराची अडचण सगळ्यांत अवघड आहे. कंत्राट संपून नवं सुरू होईपर्यंतचा खंड त्याच्या वाट्याला पुन्हा पुन्हा येतो, त्यामुळे गरज सर्वांत जास्त आणि उरणारा पैसा सर्वांत कमी. त्याने सहा महिन्यांच्या आकड्याने खचू नये. मागचा सर्वांत मोठा खंड किती दिवसांचा होता ते आठवावं आणि तेवढ्या दिवसांचा खर्च हे पहिलं लक्ष्य ठेवावं.

आपलं नमुना कुटुंब शून्यापासून सुरुवात करून महिन्याला 3,500 च टाकत राहिलं, तर दोन लाख जमायला पावणेपाच वर्षं लागतील. बोनसमधले 20,000 दरवर्षी त्यात घातले, तर सव्वातीन वर्षांत काम होईल. दरम्यान महागाई वाढते. आजचे 38,500 तीन वर्षांनी 38,500 राहणार नाहीत, म्हणून तुटीचा हिशेब वर्षातून एकदा नव्याने करायला हवा. त्यासाठी बोनस हातात येतो तो आठवडा सर्वांत योग्य. या दिवाळीत खरेदीच्या यादीआधी नवरा-बायकोने एकत्र बसून एवढंच लिहून काढावं: न टळणारा खर्च किती, पगार थांबला तरी येणारं उत्पन्न किती, आणि आज हाताशी असलेला पैसा त्या तुटीला किती महिने पुरेल. उत्तर एक महिन्याच्या आत आलं, तर या वर्षीच्या बोनसमधला पहिला हिस्सा त्या खात्यात जायला हवा.