रुपये की युरो?

पॅरिसच्या दुकानात १०० युरोची पर्स घेतली आणि भारतीय कार्ड लावलं, की मशीन विचारतं: INR की EUR? ओळखीचा रुपया दिसला की बोट आपसूक तिकडे जातं. तिथेच खिसा कापला जातो.

हिशेब सोपा व्हावा म्हणून कार्ड नेटवर्कचा त्या दिवसाचा दर युरोला १०० रुपये धरू. EUR निवडलं तर मूळ १०,००० रुपये, त्यावर बँकेचा ३.५ टक्के मार्कअप म्हणजे ३५०, आणि त्या ३५० वर १८ टक्के जीएसटीचे ६३. एकूण १०,४१३.

INR निवडलं तर दर कार्ड नेटवर्कचा नसतो, दुकानाच्या मशीनमागच्या कंपनीचा असतो. तिने १०६ लावला तर तिथेच १०,६०० झाले. मार्कअप तरी वाचला म्हणावं, तर अनेक भारतीय बँका परदेशातल्या अशा रुपयांतल्या व्यवहारावरही साधारण एक टक्का आकारतात, वर जीएसटी. बिल सुमारे १०,७२५. शून्य मार्कअपचं कार्ड असेल तर तोटा आणखी बोचतो, कारण EUR मध्ये काम १०,००० मध्येच भागलं असतं.

काउंटरवरच्या माणसाने न विचारता INR दाबलं असेल, तर ते स्लिपवरच्या रुपयांच्या आकड्यावरून कळतं. तिथल्या तिथे व्यवहार रद्द करून युरोत पुन्हा करायला सांगा. घरी परतल्यावर भांडणं अवघड. एटीएमवर हाच प्रश्न आला की ‘without conversion’ असा पर्याय दिसतो. तेच दाबायचं.