ऋणनिर्देशात ‘काका, तुम्ही…’ असं लिहायचं असेल तर

प्रबंधातली बाकीची दीडशे-दोनशे पानं घरचे आणि गावचे लोक बहुधा वाचत नाहीत. ऋणनिर्देश मात्र सगळे वाचतात. त्याच पानावर आपल्याला कधीकधी हयात नसलेल्या माणसाशी थेट बोलावंसं वाटतं. लिहून झालं की ते शोकसभेतल्या भाषणासारखं वाटतं, म्हणून आपण ते खोडतो आणि ‘त्यांचा मी ऋणी आहे’ एवढ्यावर भागवतो. असं का होतं आणि ते टाळायचं कसं, ते एका उदाहरणावरून बघू.

समोर नसलेल्या माणसाला किंवा वस्तूला ‘तू’, ‘तुम्ही’ म्हणून बोलणं ही जुनी युक्ती आहे. इंग्रजीत तिला अपॉस्ट्रफी म्हणतात. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ ‘दुसरीकडे वळणं’. न्यायाधीशासमोर बोलणारा वक्ता मध्येच त्याच्याकडून तोंड फिरवून दुसऱ्या कुणाशी बोलायचा, ते हे वळणं. म्हणजे आधी एक ऐकणारा असतो, आणि मग आपण त्याच्यापासून वळतो. हा क्रम लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल.

समजा, तुमचा प्रबंध विहिरींच्या पाणीपातळीवर आहे. एका गावातल्या बारा विहिरी तुम्ही दोन वर्षं मोजल्या. सहा क्रमांकाच्या विहिरीचे मालक दर शनिवारी तुमच्यासाठी पंप बंद ठेवायचे. काम पूर्ण व्हायच्या आधीच ते वारले. पहिला मसुदा साधारण असा होतो:

‘हे परोपकारी काका! आज आपण आमच्यात नाही. आपण दोन वर्षे दर शनिवारी आपल्या विहिरीची पातळी आम्हांस मोजू दिलीत. आपल्या पवित्र स्मृतीस शतशः प्रणाम!’

भावना खरी आहे, तरी हे नाटकी वाटतं. पहिलं कारण असं की यातली सगळी माहिती काकांना आधीच ठाऊक आहे. त्यांनी विहीर मोजू दिली, हे त्यांनाच कशाला सांगायचं? ते खरं तर वाचकाला सांगायचं आहे, फक्त तोंड काकांकडे केलंय. नाटकातलं पात्र प्रेक्षकांना कळावं म्हणून दुसऱ्या पात्राला ‘तू माझा सख्खा भाऊ’ असं सांगतं, तसाच हा प्रकार.

दुसरं कारण भाषेचं. जिवंतपणी तुम्ही त्यांना ‘हे काका’ किंवा ‘आपण’ म्हणत होतात का? नव्हतात. माणूस गेला म्हणून त्याचं सर्वनाम बदलत नाही. ‘तुम्ही’ म्हणत असाल तर ‘तुम्ही’च लिहा. आजीला ‘तू’ म्हणत असाल तर छापील पानावरही ‘तू’च. आदर दाखवायला म्हणून ‘आपण’ आणलं, तर ओळखीचा माणूस एकदम अनोळखी होतो.

आता दुरुस्ती करू. वाचकाला जे माहीत नाही ते वाचकाला सांगायचं, तृतीय पुरुषात. मग वळायचं, आणि काकांना जे माहीत नाही तेवढंच काकांना सांगायचं:

‘सहा क्रमांकाच्या विहिरीचे मालक दोन वर्षं दर शनिवारी आमच्यासाठी पंप बंद ठेवायचे. मोजणी होईपर्यंत त्यांच्या पिकाचं पाणी थांबायचं. शेवटचा आलेख तयार व्हायच्या चार महिने आधी ते गेले. काका, पाणी जातं कुठं, असं तुम्ही दर वेळी विचारायचात. बांधापलीकडची बोअरवेल चालू झाली की तुमच्या विहिरीची पातळी उतरते, ती बंद झाली की हळूहळू चढते. पाणी तिकडे जातंय. तो आलेख पाचव्या प्रकरणात आहे.’

यात विशेषण नाही, उद्गारचिन्ह नाही, प्रणाम नाही. काकांचा प्रश्न अर्धवट राहिला होता, त्याचं उत्तर द्यायचं होतं, म्हणून संबोधन आलं. संबोधनाला असं काहीतरी काम लागतं. मुक्ताबाईंचे ताटीचे अभंग आठवा. ज्ञानेश्वर दार लावून आत बसलेत, आणि ते दार उघडायला हवंय. बोलण्याला कारण आहे, म्हणून ते आजही खोटं वाटत नाही.

हाक कशी मारायची, हाही प्रश्न येतो. काका, आजी, बाबा, आई हे शब्द हाक मारताना बदलत नाहीत, त्यामुळे ते बोलण्यातल्यासारखेच सहज येतात. अडचण वस्तूंची. ‘सागरा’, ‘मेघा’ अशी संबोधनाची रूपं कवितेत शोभतात. ‘हे सूक्ष्मदर्शका’ लिहिलं की हसू येतं. इथे मराठीचं क्रियापद मदतीला येतं. आपल्याकडे ‘तू’ क्रियापदातच दिसतो: ओढा आटलास, विहीर आटलीस, तळं आटलंस. त्यामुळे हाक न मारताही वळता येतं. वर्तमानपत्रासाठी याच कामावर लेख लिहिताना असं करता येईल:

‘सहा क्रमांकाची विहीर मागच्या वर्षी मेपर्यंत टिकली होती. पाऊस यंदाही जवळपास तेवढाच झाला. मग मार्चमध्येच कशी आटलीस? उत्तर शोधायला आम्ही शेजारची बोअरवेल चालू-बंद करून दर दहा मिनिटांनी पातळी मोजली.’

एका वाक्यापुरतं विहिरीकडे वळलो आणि लगेच वाचकाकडे परत आलो. माणूस आणि वस्तू यांतला फरकही इथे दिसतो. माणसाला त्याला माहीत नसलेलं सांगायचं, वस्तूला आपल्याला माहीत नसलेलं विचारायचं. प्रश्न खरा असावा, म्हणजे पुढच्या परिच्छेदात त्याचं उत्तर शोधलेलं असावं. ‘हे विहिरी, किती गं तू दयाळू?’ याला उत्तर नाही, म्हणून तो नुसता उसासा ठरतो.

तुमचा मसुदा तपासायची एक सोपी रीत आहे. संबोधनाची वाक्यं तृतीय पुरुषात लिहून बघा. ‘काकांनी दोन वर्षं विहीर मोजू दिली’ असं केल्यावर काहीच हरवत नसेल, तर ते वाक्य तिथेच, तृतीय पुरुषातच राहू द्या. ‘पाणी तिकडे जातंय’ हे ‘काकांच्या प्रश्नाचे उत्तर पाचव्या प्रकरणात आहे’ असं केलं, तर माहिती तीच राहते, पण उत्तर काकांपर्यंत पोचत नाही. असं काही हरवलं, तरच संबोधन ठेवा.

आणि हे एकाच माणसाच्या बाबतीत करा. आजोबा, काका, शाळेतल्या बाई आणि प्रयोगशाळेतलं मशीन अशा चौघांकडे एकाच पानावर वळलात, तर वाचक कुणाबरोबर उभा आहे तेच त्याला कळेनासं होतं. तीन-चार वाक्यं पुरतात. त्यानंतर पुढच्या माणसाचे आभार नेहमीच्या भाषेत मानायला लागा. कार्यपद्धती आणि निष्कर्षांच्या प्रकरणांत मात्र याला जागाच नाही. तिथे विहीर म्हणजे फक्त क्रमांक सहा.