हेडक्लार्कच्या निरोपाला काय बोलावं?

महाराष्ट्रातल्या शाळांमध्ये ३१ मे हा निवृत्तीचा मोठा दिवस असतो. आज निवृत्त होणाऱ्या पिढीतल्या अनेकांच्या घरी जन्मतारखेची नोंदच नव्हती. मूल शाळेत घालताना गुरुजी वयाचा अंदाज घेत, वर्ष धरत आणि शाळा जूनमध्ये सुरू होते म्हणून १ जून ही तारीख टाकून देत. अनुदानित शाळेतला लिपिक ५८ वर्षं पूर्ण झालेल्या महिन्याच्या अखेरच्या दिवशी निवृत्त होतो. जन्म १ तारखेचा असेल तर मात्र आदल्या महिन्याचा शेवटचा दिवस धरतात. त्यामुळे १ जूनवाले सगळे ३१ मेला निघतात.

त्या दिवशी शाळेत मुलं नसतात आणि शिक्षकही सुट्टीवर असतात. कार्यालय मात्र उघडं असतं. शिक्षकांना मिळणारी उन्हाळ्याची दीर्घ सुटी लिपिकाला नसते. मे महिन्यात निकालपत्रकं, दाखले आणि पुढच्या वर्षाच्या प्रवेशाची कागदपत्रं त्याच्याच टेबलावर असतात. म्हणून बऱ्याच शाळा मुख्य लिपिकाचा सेवापूर्ती समारंभ वार्षिक निकालाच्या दिवशीच उरकून घेतात. शाल, श्रीफळ, पत्नीला साडी आणि पाच-सहा भाषणं असा तो कार्यक्रम असतो.

या भाषणांविषयीच मला लिहायचं आहे, कारण ती बहुतेक वेळा वाया जातात. ‘मनमिळाऊ, कर्तव्यदक्ष, हसतमुख, प्रसिद्धिपराङ्मुख’ ही विशेषणं कुणाच्याही नावाला जोडता येतात. शिक्षक निवृत्त होतो तेव्हा बोलणाऱ्याला अडचण येत नाही. त्याचा वर्ग आठवतो, विषय आठवतो, विद्यार्थी आठवतात. मुख्य लिपिकाला वर्ग नसतो. त्याचं काम कार्यालयाच्या दाराआड चालतं आणि ते नीट झालं की कुणाच्या लक्षातही येत नाही. त्यामुळे बोलणाऱ्याला आधी ते काम समजून घ्यावं लागतं, आणि भाषणाची खरी तयारी तीच.

सुरुवात जनरल रजिस्टरपासून करावी. शाळेत आलेल्या प्रत्येक मुलाचं नाव, आईवडिलांचं नाव, जात, जन्मस्थळ, जन्मतारीख, प्रवेशाचा दिवस आणि शाळा सोडल्याचा दिवस यांची ही नोंदवही. शाळा सोडल्याचा दाखला हा तिचाच उतारा असतो. एकदा पडलेली नोंद मुख्याध्यापकालाही आपल्या मनानं बदलता येत नाही. पुरावे जोडून प्रस्ताव शिक्षणाधिकाऱ्यांकडे पाठवावा लागतो. म्हणून पहिल्या दिवशी पालकासमोर बसून नाव नीट विचारून घेणारा लिपिक त्या मुलाची पुढची कित्येक वर्षांची धावपळ वाचवतो. दहावीच्या परीक्षेआधी मंडळाकडून नावांची प्री-लिस्ट येते. नाव, आईचं नाव, जन्मतारीख, विषय, सगळं रजिस्टरशी ताडून ती परत पाठवायची असते. तिथे एक अक्षर सुटलं की ते गुणपत्रिकेत उतरतं, आणि पुढे पासपोर्ट काढताना त्रास देतं.

रजिस्टरचं दुसरं मोल जात पडताळणीच्या वेळी कळतं. इतर मागासवर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा पुरावा लागतो. बऱ्याच घरांत असा एकच कागद निघतो, आजोबांच्या शाळेतल्या नोंदीचा. २०२३मध्ये न्यायमूर्ती संदीप शिंदे समितीच्या कामासाठी कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला, तेव्हा शाळाशाळांतली जुनी रजिस्टरं कपाटांतून बाहेर काढावी लागली. काही नोंदी मोडी लिपीत होत्या. ज्या शाळेत कुणीतरी ती रजिस्टरं वाळवीपासून आणि ओलीपासून जपली होती, तिथे नोंद सापडली. हे ‘कुणीतरी’ म्हणजे बहुधा कार्यालयातला लिपिकच असतो.

तिसरी गोष्ट शिक्षकांच्या जिव्हाळ्याची आहे आणि तरी निरोपाच्या भाषणात ती क्वचितच येते. शाळेला किती शिक्षक मिळणार हे संचमान्यतेत ठरतं, आणि संचमान्यता ३० सप्टेंबरच्या पटावर होते. अलीकडे पट धरताना विद्यार्थ्यांचं आधार जुळलेलं असावं लागतं. रजिस्टरमध्ये ‘दत्तात्रय’ आणि आधारवर ‘दत्ता’ असेल, तर वर्गात रोज हजर असलेलं मूल त्या हिशेबात अडकू शकतं. अशी आठ-दहा मुलं अडकली आणि पट आधीच काठावर असला, तर एक शिक्षक अतिरिक्त ठरण्याची वेळ येते. ऑगस्ट-सप्टेंबरात पालकांना फोन करकरून आधार दुरुस्त करून घेणाऱ्या लिपिकामुळे कुणाची तरी नोकरी त्याच गावात राहिलेली असते.

आता एक उदाहरण घेऊ. समजा तालुक्याच्या गावातली अनुदानित माध्यमिक शाळा आहे. मुख्य लिपिक १९९१ साली कनिष्ठ लिपिक म्हणून रुजू झाले आणि ३१ मे २०२६ रोजी निवृत्त होत आहेत. सगळे त्यांना भाऊसाहेब म्हणतात. बोलणाऱ्यानं आठवडाभर आधी तीन माणसांना भेटावं. पहिले स्वतः भाऊसाहेब. त्यांच्याकडून सेवापुस्तकातल्या तारखा, पदोन्नती आणि तेव्हाच्या मुख्याध्यापकांची नावं पक्की करून घ्यावीत, कारण सेवेची वर्षं व्यासपीठावर चुकली तर सर्वांत आधी त्यांनाच खटकतं. दुसरा कार्यालयातला शिपाई. किल्ली कुणाकडे असे आणि मार्चअखेरीला दिवा किती वाजेपर्यंत जळे, हे त्याला माहीत असतं. तिसरा असा माजी विद्यार्थी, ज्याचं काम भाऊसाहेबांनी केलं होतं. मिळालेल्या माहितीतून एक आकडा काढावा. दरवर्षी सरासरी दीडशे मुलं दाखला घेऊन गेली असतील, तर ३५ वर्षांत सव्वापाच हजार होतात. असा एक आकडा पुरे.

मग भाषण साधारण असं उभं राहील:

‘अध्यक्ष महोदय, व्यासपीठावरील मान्यवर, भाऊसाहेब आणि वहिनी,

१९९१च्या जूनमध्ये भाऊसाहेब या शाळेत आले तेव्हा पगारबिलं हातानं लिहिली जात. बेरीज जुळली नाही तर अख्खं पान पुन्हा. पुढे शालार्थ आलं, सरल आलं, यू-डायस आलं. भाऊसाहेब वयाच्या पंचेचाळिशीत संगणक शिकले, तेही आपल्याच शाळेच्या माजी विद्यार्थ्याकडून. आपलं बिल वेतन पथकाकडे उशिरा गेलं म्हणून पगार थांबला, असं मला माझ्या नोकरीत आठवत नाही.

आपण शिक्षक मुलांना पाच-सहा वर्षं ओळखतो. भाऊसाहेब त्यांना पुढेही ओळखत राहिले. या काळात सव्वापाच हजारांच्या आसपास मुलांनी त्यांच्या हातून दाखला घेतला. त्यांतली कितीतरी पुन्हा आली, कुणी बोनाफाईडसाठी, कुणी दुय्यम प्रतीसाठी, कुणी आजोबांची नोंद शोधायला. भाऊसाहेब आधी विचारत, “कोणत्या साली दहावी?” मग रजिस्टर काढत. साल आठवत नसेल तर विचारत, “तुमच्या वर्गात आणखी कोण होतं?” आणि त्या नावावरून पान शोधत.

२०२२पासून संचमान्यतेला आधार जुळणं आलं, तेव्हा आपल्या बावीस मुलांची नावं जुळत नव्हती. भाऊसाहेब दोन वाड्यांवर स्वतः गेले, पालकांना केंद्रावर घेऊन आले. त्या वर्षी आपली एकही जागा कमी झाली नाही. ती जागा ज्यांची होती ते आज या सभागृहात बसले आहेत. त्यांच्या वतीनं मी आपले आभार मानतो.

वहिनी, मार्चअखेर आणि बोर्डाचे फॉर्म या दोन हंगामांत आपण त्यांच्या जेवणाची वाट पाहिलीत. त्याबद्दल शाळा आपली ऋणी आहे.

भाऊसाहेब, रजिस्टरांची पाच कपाटं आपण नव्या लिपिकांच्या हाती देत आहात. ती आम्ही जपू.’

हे भाषण सावकाश बोललं तरी चार मिनिटांच्या आत संपतं. आणखी एखादा प्रसंग घालायचा असेल तर घालावा, पण सात मिनिटांपुढे जाऊ नये. कार्यक्रमात आणखी पाच जण बोलणार असतात आणि शेवटी सत्कारमूर्तींना स्वतः बोलायचं असतं. बहुतेक समारंभांत त्यांची पाळी येईपर्यंत दीड तास झालेला असतो आणि लोक घड्याळाकडे पाहू लागतात, हे मला फार वाईट वाटतं. ३५ वर्षं गप्प राहून काम केलेल्या माणसाला त्या दिवशी तरी निवांत बोलू द्यावं.

काही गोष्टी सांगायच्याच नाहीत. लिपिकाला लोकांची गुपितं माहीत असतात. कुणाची फी त्यानं खिशातून भरली, कुणाची जन्मतारीख चुकीची लागली होती, कुणाच्या जातीच्या नोंदीवर वाद झाला, कुणाच्या पगारातून कसली वसुली चालू होती. प्रसंग कितीही हृद्य असला तरी माणूस ओळखू येईल असं काही बोलू नये. ‘एका मुलीची परीक्षेची फी’ असं म्हणतानाही विचार करावा, कारण लहान गावात तेवढ्यावरून ओळख पटते. माजी विद्यार्थ्याला स्वतःच आपला अनुभव सांगायचा असेल तर त्याला माईक द्यावा. ‘आमचं सगळं चुकलेलं भाऊसाहेबांनी सावरलं’ असं जोशात म्हणणंही टाळावं. नोंदी नियमाप्रमाणे ठेवणं हे त्यांचं काम होतं, आणि त्या मागाहून फिरवल्या गेल्याचा संशय अशा वाक्यातून येऊ शकतो.

‘आता पेन्शन घ्या आणि आराम करा’ हे वाक्य तर हमखास येतं. ते बोलण्याआधी चौकशी करावी. १ नोव्हेंबर २००५पूर्वी अनुदानित पदावर लागलेल्यांना जुनी निवृत्तिवेतन योजना लागू आहे. त्यांचा प्रस्ताव शाळेतून शिक्षण विभागामार्फत मुंबई किंवा नागपूरच्या महालेखापालांकडे जातो आणि तो निवृत्तीच्या सहा महिने आधी पोचायला हवा. वेतननिश्चितीची पडताळणी राहिली असेल किंवा सेवापुस्तकात एखाद्या रजेची नोंद सुटली असेल, तर तो परत येतो. शाळेतल्या प्रत्येकाचे पेन्शनचे कागद ज्यांनी तयार केले, त्यांचे स्वतःचे कागद तयार करायला मात्र कार्यालयात दुसरा जाणता माणूस नसतो. मग अनेक महिने पेन्शन सुरू होत नाही आणि निवृत्त लिपिक त्याच कार्यालयात चकरा मारत राहतो.

चार्ज देण्याचंही तसंच आहे. जडसंग्रह नोंदवही, कॅशबुक, सेवापुस्तकं, शिक्के, कपाटांच्या किल्ल्या आणि पोर्टलांचे लॉगिन यांची यादी करून दोघांच्या सह्यांनिशी कार्यभार द्यायचा असतो. समारंभाच्या संध्याकाळी घाईघाईत हे केलं तर काहीतरी राहतं, आणि ते शोधायला पुढे त्यांनाच बोलवावं लागतं. नवा लिपिक मिळालेला नसेल तर निदान एका शिक्षकाला एप्रिलपासून त्यांच्या शेजारी बसवावं.

मुख्याध्यापकांना माझी एवढी विनंती आहे. भाषण लिहायला बसण्याआधी आपल्या मुख्य लिपिकाचं सेवापुस्तक स्वतः उघडून पाहा, आणि पेन्शनचा प्रस्ताव कुठवर पोचला आहे ते विचारा. अडला असेल तर आधी तो पुढे सरकवा, मग भाषण लिहा.