शून्याच्या डावीकडचा क्रम

संख्यारेषेवर शून्याच्या उजवीकडे धन संख्या असतात आणि डावीकडे ऋण. तुलनेचा नियम एकच आहे: दोन संख्यांपैकी जी उजवीकडे, ती मोठी. धन संख्यांपुरते मुलांना या नियमाचे काही वाटत नाही, कारण तिथे शून्यापासून लांब असलेली संख्या मोठीच असते. वर्षानुवर्षे मुरलेली हीच सवय डावीकडे दगा देते.

−७, ३, −२, ०, −२.५ या संख्या चढत्या क्रमाने लावायला सांगितल्या, की बरीच मुले ०, −२, −२.५, ३, −७ असे लिहितात. हा उत्तराचा गोंधळ नव्हे. मुलाने चिन्ह बाजूला ठेवून फक्त अंकांची तुलना केलेली असते. खरा क्रम −७, −२.५, −२, ०, ३ असा आहे. −७ शून्यापासून सर्वांत दूर आहे, पण डाव्या बाजूला. म्हणून ती सर्वांत लहान. लेहमध्ये पारा −२ वरून −७ अंशांवर गेला तर थंडी वाढते, तापमान मात्र घटते.

दुसरी चूक रेषा आखतानाच होते. −२.५ ही संख्या मुले −२ आणि −१ यांच्यामध्ये टाकतात, कारण २ नंतर उजवीकडे सरकायची सवय असते. ती −३ आणि −२ यांच्या मधोमध येते. काही मुले रेषा ऋण एकपासून सुरू करून शून्यच गाळतात. मग −१ आणि १ शेजारी येतात, प्रत्यक्षात त्यांच्यात दोन एककांचे अंतर असते.