अहवालाचं शेवटचं पान

मुलाचा मानसशास्त्रीय अहवाल शाळेत येतो, तेव्हा वर्गशिक्षिका बहुधा थेट शेवटचं पान उघडतात. पन्नास मुलांचा वर्ग सांभाळणाऱ्या बाईंना चाचण्यांचे तक्ते वाचायला वेळ कुठला? त्या पानावर ‘वैयक्तिक लक्ष द्यावे, प्रोत्साहन द्यावे’ एवढंच असेल, तर उद्याच्या तासाला वेगळं काय करायचं हे कळत नाही आणि अहवाल कपाटात जातो.

समजा, चौथीतल्या एका मुलाबद्दल शाळेने विचारलंय : तोंडी उत्तरं चोख देतो, मग वही अर्धवट का? आळशी आहे का? सारांशाची सुरुवात या प्रश्नाच्या उत्तराने व्हावी, बुद्ध्यंकाने नव्हे. ‘मुलाला विषय समजतो. वाचन मात्र दुसरीच्या पातळीचं आहे. फळ्यावरचा शब्द तो एकेक अक्षर बघून उतरवतो, म्हणून वही अपुरी राहते. हा आळस नाही.’ चार वाक्यं पुरतात. पण चिन्हं भराभर उतरवण्याच्या एका उपचाचणीत गुण कमी पडले, एवढ्यावरून असं लिहू नये. वाचनाची चाचणी, वह्या आणि वर्गातलं निरीक्षण हेही तेच सांगत असेल, तरच लिहावं.

मग शिफारशी. प्रत्येक शिफारस सारांशातल्या एखाद्या वाक्याला धरून हवी. कोणी, कोणत्या तासाला, काय, किती दिवस करायचं आणि उपयोग झाला हे कसं ओळखायचं, हे तिच्यात आलं पाहिजे. उदाहरणार्थ : ‘परिसर अभ्यासाच्या तासाला बाईंनी प्रश्न छापील कागदावर द्यावेत, त्याने फक्त उत्तरं लिहावीत. सहा आठवडे. दर शुक्रवारी किती उत्तरं पूर्ण झाली ते नोंदवावं.’ दुसरी : ‘उताऱ्याचं प्रकट वाचन अचानक करायला लावू नये, उतारा आदल्या दिवशी सांगावा.’ शिक्षकांसाठी अशा दोन-तीनच पुरेत. दहा दिल्या, तर सर्वांत सोपी तेवढी पाळली जाते आणि महत्त्वाची मागे राहते.

इथे एक गफलत फार होते. छापील कागदाने वही पूर्ण होईल, वाचन सुधारणार नाही. त्यासाठी अक्षर-ध्वनीपासून नियमित उपचारात्मक अध्यापन लागतं. ते काम विशेष शिक्षकांच्या नावाने वेगळं लिहावं, नाहीतर वर्गशिक्षिकेला वाटतं की तेही आपल्याच गळ्यात पडलंय. बोर्डाच्या परीक्षेतल्या सवलतींना अधिकृत केंद्राचं प्रमाणपत्र लागतं. तेही पालकांना स्पष्ट सांगावं. घरातल्या ताणतणावांचा तपशील शाळेच्या प्रतीत नकोच. ती प्रत पालकांच्या संमतीनेच द्यावी.

फेरआढाव्याची तारीखही त्याच पानावर हवी. सहा आठवडे कागद नियमित देऊनही उत्तरं अपुरीच राहिली, तर अडचण केवळ उतरवण्यात नाही. मग शुद्धलेखन, हाताने लिहिण्याचा वेग आणि लक्ष टिकणं यांकडे पुन्हा बघावं लागतं, आणि त्या वेळी बाईंच्या शुक्रवारच्या नोंदी मानसशास्त्रज्ञाला फार उपयोगी पडतात.