ई आणि एक्स यांच्यामधला बाण

फेडएक्सच्या लोगोतला बाण एकदा दिसला की पुन्हा नजरेआड होत नाही. मोठी ई आणि छोटा एक्स यांच्यामधल्या पांढऱ्या जागेत तो उजवीकडे धावतो. १९९४ साली लँडॉर कंपनीच्या लिंडन लीडर यांनी हा लोगो केला. अक्षरं नुसती जवळ सरकवल्याने मधली जागा बाणासारखी वाटली असती, पण लंगडी. बाणाचा दांडा म्हणजे ईच्या मधल्या आणि खालच्या आडव्या रेघांमधली फट, आणि टोक म्हणजे एक्सच्या डाव्या बाजूची खाच. ही दोन्ही एका रेषेत यायला हवीत. त्यासाठी छोट्या अक्षरांची उंची वाढवून ती ईच्या मधल्या रेघेशी जुळवली. युनिव्हर्स आणि फ्यूचुरा या टाइपांच्या गुणांचा मेळ घालून अक्षरं नव्याने घडवली गेली.

मोकळ्या जागेतला आकार मुद्दाम काढलेला आहे की योगायोगाने उरलेला, हे ओळखायची जागा इथेच आहे. पडताळायचं असेल तर ती जागा काळी भरा आणि भोवतालची अक्षरं पुसून टाका. उरलेला तुकडा स्वतःच्या पायावर उभा राहतो का? फेडएक्सचा राहतो: टोक मधोमध, दांडा सरळ, वरची-खालची बाजू सारखी. फसलेल्या लोगोत इथे एक कड जाड, दुसरी बारीक निघते, किंवा पानाचा देठ अक्षराच्या कोपऱ्याला जेमतेम चिकटतो. जवळजवळ जुळलेली कड सर्वांत घातक, कारण बघणाऱ्याला ती छपाईची चूक वाटते. जुळवायची तर पूर्ण जुळवा, नाहीतर ठळक फरक ठेवा.

मग माणसांना दाखवा, पण 'बाण दिसतो का?' असं विचारू नका. तसं विचारलं तर ढगातही बाण दिसतो. 'काय दिसतं?' एवढंच विचारा. कुणालाच आकार दिसला नाही तरी हरकत नाही. फेडएक्सचा बाण अनेकांना कुणी दाखवल्यावरच कळतो, आणि तोवर लोगो अडत नाही, नाव नीट वाचता येतं. सांगितल्यावर लगेच 'अरे हो!' आलं तर आकार पक्का. 'म्हणजे हे टोक का?' असा प्रश्न आला तर तो तुमच्याच डोक्यात आहे. तिसरंच काही सांगितलं, विशेषतः हसत सांगितलं, तर मुकाट्याने कागद फाडावा.

फॉर्म्युला वनचा जुना लोगो या कसोटीवर मधेच लटकतो. काळा एफ आणि लाल पट्टे यांच्यामध्ये पांढरा एक होता. कित्येकांना तो वर्षानुवर्षं दिसला नाही, आणि एक हा तर नावाचाच भाग! २०१७ मध्ये तो लोगो बदलला.

शेवटी लोगो नखाएवढा करून छापून बघायचा. शाई थोडी पसरते आणि बारीक फट बुजते. बाणाचा दांडा तिथे गेला, तर उरतो नुसता त्रिकोण.